मदत हवी आहे: सल्लागार गटातल्या बाहेरच्या व्यक्तीला किती सांगावं?

टीम लीड व्हावं की तांत्रिक कामातच राहावं, हे तपासून घ्यायला पाच जण ठरवलेत: बरोबरीचे दोन, वरिष्ठ दोन, वेगळ्या क्षेत्रातल्या एक बाई. सध्याचे साहेब मुद्दाम वगळलेत. माझ्या निर्णयात त्यांचं हित गुंतलंय. एक पानी टिपण प्रत्येकाला स्वतंत्र पाठवून लेखी उत्तर मागणार आहे, कारण एकत्र बसवलं की वरिष्ठांपुढे बाकीचे माना डोलावतात.

अडचण बाहेरच्या बाईंची. माहिती कमी दिली तर गुळमुळीत सल्ला येतो, सगळी दिली तर माझाच कल त्यांच्या तोंडून परत येतो. टिपणात फक्त दोन्ही पर्याय, पगारातला फरक आणि वर्षभराने मागे फिरता येईल का, एवढंच लिहू? माझा कल त्यांचं उत्तर आल्यावर सांगितला तर चालेल का?