मदत हवी आहे: एक चेहरा, दोन स्टाईलचे संदर्भ. पोस्टर छान येतंय पण बहीण ओळखू येत नाहीये

चित्रवेल्हाळ
नमस्कार मंडळी, गेले चार दिवस एकाच ठिकाणी अडकलेय. बहिणीच्या एकपात्री प्रयोगाचं पोस्टर करतेय (तिचा फोटो तिच्याच सांगण्यावरून वापरतेय). माझ्याकडे तीन चित्रं आहेत. एक तिचा समोरून काढलेला स्वच्छ फोटो. दुसरं एक लिनोकट, जाड काळ्या रेषा, कोरल्याच्या खुणा दिसणारं, त्यात एका बाईचा चेहरा आणि खांदे आहेत. तिसरं स्क्रीन प्रिंटचं जुनं पोस्टर, फक्त तीन सपाट रंग, गडद निळा, विटकरी आणि सायीसारखा पांढरा. मला रेषा लिनोकटच्या हव्यात, रंग तिसऱ्याचे आणि चेहरा बहिणीचा.

ComfyUI मध्ये SDXL वर करतेय. चेहऱ्याला InstantID, दोन्ही स्टाईलना एकेक `IPAdapter Advanced`, तिन्ही एकामागे एक जोडलेत, सगळ्यांचे `weight` ०.८. साईझ ८३२ बाय १२१६. ती हातात कंदील धरून उभी आहे, पूर्ण उंचीची.

आता होतं काय, तर चित्र सुंदर येतं पण ती दुसरीच कोणीतरी असते. बहिणीची डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर आहे आणि हनुवटी रुंद आहे, ती ओळखू येते ती यामुळेच. चित्रात दोन्ही भुवया सरळ एका रेषेत आणि हनुवटी निमुळती. स्टाईलचा जोर कमी केला की चेहरा थोडा परत येतो पण मग लिनोकट राहत नाही, नुसता फोटोला फिल्टर लावल्यासारखं दिसतं. काय चुकतंय?

पिक्सेलपंत
चेहऱ्याचा `weight` वाढव ना, १.२ कर. आणि तरी नाही जमलं तर शेवटी ReActor ने फेस स्वॅप करून टाक, दोन मिनिटांचं काम. मी सगळी पोस्टरं अशीच करतो, चेहरा शंभर टक्के तोच येतो.

चित्रवेल्हाळ
१.२ करून बघितलं होतं, चेहरा भाजल्यासारखा झाला, गालांवर कॉन्ट्रास्ट फाटला आणि मानेच्या वरचा भाग वेगळा कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. तरी भुवई सरळच!

ठसेकर
पंत, तुमची पोस्टरं फोटोसारखी असतात म्हणून तिथे स्वॅप चालतो. त्यातलं inswapper चं मॉडेल चेहरा १२८ बाय १२८ मध्ये बनवतं आणि तोही फोटोच्या वळणाचा. लिनोकटवर तो बसवला तर कोरलेल्या अंगावर गुळगुळीत फोटो येईल. मग त्याच्यावरून परत स्टाईल फिरवायची म्हटलं की साम्य पुन्हा जातं, म्हणजे फिरून तिथेच.

चित्रवेल्हाळ, मला दोन गोष्टी सांगा. एक, पोस्टरमध्ये चेहरा किती पिक्सेल रुंद आहे? मोजून सांगा, अंदाजाने नको. दोन, लिनोकटचं चित्र तुम्ही अख्खं देताय का, म्हणजे त्या बाईच्या चेहऱ्यासकट?

चित्रवेल्हाळ
मोजलं. कानापासून कानापर्यंत साधारण ११०. आणि हो, लिनोकट अख्खंच देतेय.

ठसेकर
मग दोन्ही दुखणी तिथेच आहेत, `weight` चा संबंध नंतरचा.

पहिलं, ११० पिक्सेल. SDXL चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाही, लेटंटमध्ये रंगवतं आणि ते लांबीरुंदीत आठ पटीने लहान असतं. म्हणजे तुमच्या बहिणीच्या अख्ख्या चेहऱ्याला आडवे जेमतेम १४ चौकोन मिळतायत. त्यात दोन डोळे, नाक, भुवया. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर हे सांगायला तिथे जागाच नाही, अर्ध्या चौकोनाचा फरक असेल तो. कितीही जोर लावा, नसलेल्या जागेत तपशील मावणार नाही.

दुसरं, लिनोकटमधली बाई. IPAdapter तुमचं चित्र CLIP ला दाखवतो, आणि CLIP ला रेषा वेगळी आणि बाई वेगळी असं कळत नाही, तो त्या चित्रात जे काही आहे ते सगळंच उचलतो. तुमची निमुळती हनुवटी कुठून आली ते आता लिनोकटशी ताडून बघा.

चित्रवेल्हाळ
बापरे. आत्ता दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. हनुवटी तिचीच आहे, अगदी ओठाखालची सावलीसुद्धा.

दोनतारा
माझा पण हाच प्रॉब्लेम आहे! मला एका पोस्टरमध्ये दोन मैत्रिणींचे चेहरे हवेत आणि दोन्हींची भेळ होऊन तिसरीच बाई दोनदा येते. मी पण स्टाईलचं चित्र कापून देऊ का?

ठसेकर
दोनतारा, तुमचं थोडं वेगळं आहे. तुमच्याकडे चेहरे दोन आहेत, इथे एकच. तुम्हाला प्रत्येक चेहऱ्याला स्वतःचा मास्क द्यावा लागेल, डावीकडच्या चेहऱ्याचा असर डावीकडेच राहील असा. वेगळा धागा काढा, तिथे तुमचं वर्कफ्लो टाका म्हणजे बघता येईल.

चित्रवेल्हाळ, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं.

आधी तिसरं चित्र या भांडणातून बाहेर काढा. तुम्हीच लिहिलंय की त्यातून फक्त रंग हवेत. तीन सपाट रंग हवे असतील तर त्यासाठी IPAdapter कशाला, ते काम शेवटी GIMP मध्ये Gradient Map ने होतं. लिनोकट मुळात काळंपांढरं, सर्वात गडद भागाला निळा, मधल्याला विटकरी, उजळ भागाला सायीचा पांढरा. ग्रेडियंट मऊ ठेवू नका, रंगांच्या सीमा कडक ठेवा, म्हणजे स्क्रीन प्रिंटसारखे सपाट पट्टे मिळतात. तिघांच्या ओढाताणीतला एक गडी कमी झाला की उरलेल्या दोघांना बरंच मोकळं होता येतं.

मग लिनोकटमधून चेहरा नसलेला चौकोनी तुकडा कापा, खांदा, बाही, मागची कोरीव जमीन असा. चौकोनीच, कारण CLIP साठी चित्र २२४ बाय २२४ चं होतं, उभं चित्र दिलं तर वरचा आणि खालचा भाग कापला जातो आणि तुम्हाला वाटत राहतं की तो पोचतोय. `weight_type` मध्ये `style transfer` निवडा, म्हणजे तुकड्यातली मांडणी कमी उतरते, वळण उतरतं.

आणि कॅमेरा जवळ आणा. कमरेपासून वर, कंदील छातीशी. पूर्ण उंचीचा हट्ट सोडता येत असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

चित्रवेल्हाळ
कंदील छातीशी चालेल, उलट चेहऱ्यावर उजेड पडेल. करून बघते.

चित्रवेल्हाळ
तर रिपोर्ट. चेहरा आता साधारण २९० पिक्सेलचा. पहिल्या फेरीत फक्त लिनोकटचा तुकडा ०.८ वर, InstantID ०.८ वरच ठेवलं आणि CFG सातवरून साडेचारवर आणलं, कारण जुन्या वर्कफ्लोत सात होतं आणि भाजल्यासारखं होणं त्यामुळेही असावं असं वाटलं. भाजणं थांबलं. हनुवटी रुंद आली!! भुवई मात्र अजून अर्धवट.

म्हणून दुसऱ्या फेरीत चेहरा, केस, मान एवढा ५१२ चा चौकोन कापून १०२४ केला, तिथे InstantID आणि तोच तुकडा, `denoise` ०.५. भुवई आली, ती आली हो! पण परत पोस्टरमध्ये बसवल्यावर चेहऱ्यावरच्या रेषा बारीक आणि अंगावरच्या जाड. दोन वेगळ्या माणसांनी कोरल्यासारखं दिसतंय.

ठसेकर
हे होणारच होतं, मीच आधी सांगायला हवं होतं. तुम्ही दुप्पट मोठ्या कॅनव्हासवर नेहमीच्या जाडीच्या रेषा काढल्या आणि मग चित्र निम्म्यावर आणलं, तर रेषाही निम्म्या होणार. दुसऱ्या फेरीसाठी लिनोकटचा वेगळा तुकडा द्या, पहिल्याच्या निम्म्या लांबीरुंदीचा, म्हणजे मोठा करून दिल्यावर त्यातली रेषा दुप्पट जाड दिसेल. प्रॉम्प्टमध्येही जाड रेषा, कमी खुणा असं लिहा. आणि `denoise` ०.५ च्या खाली जाऊ नका, खाली गेलात तर आधीच्या बारीक रेषा तशाच राहतील. फार वरही नको, ०.७ पर्यंत गेलं की मान आणि खांद्याचा सांधा दिसायला लागतो.

पिक्सेलपंत
एवढ्यापेक्षा चेहऱ्याचा LoRA ट्रेन केला असता तर? पंधरावीस फोटो असतील ना बहिणीचे.

ठसेकर
पंत, हा मुद्दा बरोबर आहे. तिची आणखी पोस्टरं करायची असतील तर LoRA च करावा, वेगवेगळ्या कोनातून चेहरा टिकतो. पण सगळे फोटो एकाच उजेडातले असतील तर तो उजेडसुद्धा शिकतो आणि मग लिनोकटमध्ये गालांवर फोटोसारखी सावली यायला लागते. आणि ११० पिक्सेलवर LoRA सुद्धा काही करू शकला नसता.

चित्रवेल्हाळ
जाड रेषेचा तुकडा देऊन सहा सीड काढले, `denoise` ०.५५. काही न सांगता आईला दाखवले. चार बघताच नाव घेतलं, एकाला "ही आहे पण थकलेली दिसतेय" म्हणाली आणि एकाला नाही ओळखलं. आपण सारखं बघून बघून आपल्याला सगळंच तिच्यासारखं दिसायला लागतं, म्हणून आईला विचारलं ते बरं झालं.

Gradient Map पण लावला. अंगावर मस्त बसला. फक्त कंदिलाची जागा आणि तिचा पदर दोन्ही सारखेच उजळ होते म्हणून दोन्ही सायीचे पांढरे झाले, पदर मला विटकरी हवा होता.

ठसेकर
Gradient Map फक्त उजेड बघतो, वस्तू नाही. पदर वेगळ्या लेयरवर काढून आधी थोडा गडद करा, मग मॅप लावा. चेहऱ्यावर मात्र जपून, डोळ्याखालची मधली करडी छटा विटकरी झाली तर डोळे सुजल्यासारखे दिसतात. तिथे मधल्या रंगाची सीमा जरा गडद बाजूला सरकवा.

चित्रवेल्हाळ
केलं, पदर विटकरी झाला. डोळ्याखाली खरंच सुजल्यासारखं झालं होतं, चेहऱ्याच्या लेयरला सीमा सरकवल्यावर गेलं.

आता एकच उरलंय. तिला हसरा चेहरा हवाय, आणि तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, ती तिला पोस्टरमध्ये दिसायला हवी आहे. संदर्भाच्या फोटोत ओठ मिटलेले आहेत. हसरा फोटो दिला तरी दात एकसारखे येतात. प्रॉम्प्टमध्ये लिहून एकदा फट आली पण मग भुवई गेली.

ठसेकर
चेहऱ्याचा एम्बेडिंग हसण्यारडण्यात माणूस ओळखता यावा म्हणून बनलेला असतो, दातांकडे त्याचं फार लक्ष असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे याला खात्रीचा उपाय नाही. मी हाताने काढली असती, लिनोकटमध्ये ती एक काळी उभी रेघ आहे फक्त, तीन-चार पिक्सेलची.

दोनतारा
तोंडापुरता मास्क करून फक्त तेवढंच परत काढलं तर? मी दागिन्यांसाठी असं करते, गळा वेगळा आणि चेहरा वेगळा.

चित्रवेल्हाळ
ओठांचा मास्क करून बघते आज रात्री, नाहीतर हाताने रेघ. दोन्ही टाकते इथे.