मदत हवी आहे: संतांच्या अभंगावर कॉपीराइट क्लेम कसा काय? शिवाय टाळ वाजले की आवाज दबतो

भजनी_कऱ्हाड
आमच्या भजनी मंडळाचं यूट्यूब चॅनल आहे. नवीन अभंगावर क्लेम आलाय, जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच कंपनीला जाणार म्हणे. अहो, नामदेव महाराजांचा अभंग, सातशे वर्षं जुना! गायलं आम्ही, वाजवलं आम्ही. ह्यावर कुणाचा हक्क? दुसरं म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये टाळ वाजले की बुवांचा आवाज खाली जातो आणि तंबोरा तर ऐकूच येत नाही. एकादशीच्या आत पुढचा व्हिडिओ टाकायचाय. कृपया लवकर सांगा.

सूरपेटी
अभंग कोणता? चाल कोणाची? क्लेम आहे की स्ट्राइक? रेकॉर्डिंग कशावर केलं? ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही.

नाना_आळंदीकर
संतवाङ्मय सगळ्यांचं आहे. सरळ डिस्प्यूट टाका, "पब्लिक डोमेन" लिहा, विषय संपला.

भजनी_कऱ्हाड
अभंग "तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल". चाल नेहमीचीच, सगळे गातात ती. क्लेमच आहे, स्ट्राइक नाही. रेकॉर्डिंग मोबाइलवर.

सूरपेटी
नाना, थांबा. शब्द नामदेवांचे, ते मोकळे आहेत. पण "नेहमीची चाल" म्हणजे पं. भीमसेन जोशींनी गायलेली असेल, तर ती राम फाटकांनी बांधलेली आहे. आपल्याकडे संगीतरचनेवर संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो. म्हणजे शब्दांवर कुणाचा हक्क नाही, चालीवर आहे. तुम्ही स्वतः गायलात म्हणून त्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी तुमचा संबंध नाही, पण चालीशी आहेच.

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या क्लेमचा तपशील उघडा. कुठून कुठपर्यंत जुळलं ती वेळ लिहिलेली असते. चाल जुळली की ध्वनिमुद्रण, तेही बघा.

नाना_आळंदीकर
माझा भाचा वकिली करतो. कायद्यात कलम 31C आहे, 5 वर्षं झाली की कव्हर कुणीही करू शकतं.

सूरपेटी
कलम आहे, पण अर्धंच सांगितलंत. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान 50,000 प्रतींच्या हिशेबाने. कॅसेट काढणाऱ्यांसाठीची सोय आहे ती. शिवाय फक्त ध्वनिमुद्रणाची, व्हिडिओची नाही.

मृदंगमणी
हक्काचं तुम्ही बघा, मी आवाजाचं सांगतो. मोबाइल स्वतःच आवाज कमीजास्त करत बसतो. टाळ कडाडले की त्याला वाटतं फार मोठं झालं, तो सगळंच खाली ओढतो, आणि त्यात बुवाही खाली जातात. तंबोऱ्याचं कारण वेगळं: एकसारखा चालणारा आवाज मोबाइलला पंख्याची घरघर वाटते, म्हणून तो पुसून टाकतो. दोन्ही आपोआप चालतात. हाताने पातळी ठरवता येईल असं ॲप घ्या किंवा साधा हँडी रेकॉर्डर आणा. शेवटचा गजर जोरात म्हणून बघा आणि तेव्हा काटा -12 ते -10 च्या पुढे जाणार नाही एवढी पातळी ठेवा. मग अभंग संपेपर्यंत हात लावू नका.

गायनप्रेमी
त्यापेक्षा चांगला कंडेन्सर माइक घ्या. आम्ही घेतला, फरक जमीन-अस्मानाचा. आणि टाळकऱ्यांना बुवांच्या मागे बसवा.

मृदंगमणी
देवळाच्या सभामंडपात कंडेन्सर म्हणजे टाळ आणि घुमारा दोन्ही जास्तच उचलणार. शिवाय बुवांच्या मागे टाळकरी बसवले तर ते थेट माइकच्या तोंडासमोर येतात! माइक बुवांकडे तोंड करून आहे ना? मग टाळकरी माइकच्या पाठीशी, बुवांच्या समोर हवेत. एका दिशेचं ऐकणारा माइक पाठीमागचं कमी घेतो. बुवांपासून वीतभर अंतरावर एक असा माइक ठेवा, दुसरा पखवाजाच्या धुम्याजवळ. पुरे.

गायनप्रेमी
आमच्याकडे हॉलमध्ये मस्त येतं.

मृदंगमणी
तुमच्या हॉलमध्ये किती टाळकरी असतात?

गायनप्रेमी
आमचं सुगम संगीत असतं, टाळ नसतात.

भजनी_कऱ्हाड
बघितलं. क्लेम दोन निघाले. एक जवळजवळ पूर्ण अभंगावर, "चाल" म्हणून. दुसरा सुरुवातीच्या आलापावरच, तो ध्वनिमुद्रणाचा म्हणे, आणि नाव भलत्याच गायकाचं. आलाप बुवांचा स्वतःचा आहे हो! आता बोला.

सूरपेटी
आलापाच्या वेळी मागे काय वाजत होतं?

भजनी_कऱ्हाड
फक्त तंबोरा. नेटवरून घेतलेला, काळी चारचा. मोफत होता.

सूरपेटी
तिथेच गोम आहे. तोच मोफत तंबोरा त्या गायकानेही वापरला असणार आणि आपलं गाणं वितरकामार्फत यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे कंटेंट आयडीत टाकलं असणार. तुमच्या आलापात मधेमधे नुसता तंबोराच वाजतो, यंत्राला तो "त्या गाण्यातला" वाटतो. पुढे पखवाज आणि टाळ आल्यावर तंबोरा झाकला जातो, म्हणून क्लेम आलापापुरताच. हा क्लेम डिस्प्यूट करण्यासारखा आहे. तंबोरा कुठून घेतला, वापरायची परवानगी कशी आहे, ते स्पष्ट लिहा. समोरच्याला 30 दिवस मिळतात. पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट केलात तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला ठेवली जाते, उशीर केलात तर डिस्प्यूटच्या दिवसापासूनची.

चालीच्या क्लेमवर मात्र "पब्लिक डोमेन" लिहू नका. डिस्प्यूट फेटाळला, तुम्ही अपील केलंत आणि त्यांनी व्हिडिओ काढायला लावला, तर स्ट्राइक येतो.

नाना_आळंदीकर
म्हणजे घाबरून बसायचं?

सूरपेटी
घाबरायचं कशाला? चॅनलचं मॉनेटायझेशन सुरू आहे का?

भजनी_कऱ्हाड
हो, हजार सबस्क्रायबर आणि 4000 तास कधीच झाले.

सूरपेटी
मग चालीच्या हक्कदाराने परवानगी ठेवली असेल तर कव्हरच्या कमाईत तुम्हालाही वाटा मिळतो. मॉनेटायझेशनच्या खान्यात तसं दिसतं. अट अशी की वादन तुमचं हवं, कॅराओके चालत नाही. आणि आलापावरचा क्लेम सुटल्याशिवाय वाटा दिसेल की नाही, सांगता येत नाही.

वारीची_वाट
आम्ही वारीचे व्हिडिओ टाकतो, आम्हाला कधीच क्लेम आला नाही. थंबनेल चांगलं करा.

भजनी_कऱ्हाड
थंबनेलचा काय संबंध? बरं, पुढच्या व्हिडिओला "इंद्रायणी काठी" घेतोय. ते तर ज्ञानेश्वर माउलींचं, तिथे काही अडचण नाही ना?

सूरपेटी
ते माउलींचं नाही! शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, 1953 च्या "गुळाचा गणपती" चित्रपटातलं. गदिमा 1977 ला गेले, म्हणजे शब्दांवरचाच हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. पुलंच्या चालीवर त्याहून पुढे. इथे शब्दही मोकळे नाहीत.

नाना_आळंदीकर
काय सांगता! आम्ही काकड्याला म्हणतो.

सूरपेटी
काकड्याला म्हणा की, कोण अडवतंय. चॅनलवर पूर्ण कमाई आपली हवी असेल तर "सुंदर ते ध्यान" फडातल्या पारंपरिक चालीत घ्या, रेडिओवरच्या चालीत नको. नाहीतर बुवांना स्वतः चाल बांधू द्या. नवी चाल ही त्यांच्या मालकीची होते, पुढे आयपीआरएस ह्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासद होऊन रॉयल्टीही घेता येते.

भजनी_कऱ्हाड
बुवा म्हणतात फडातलीच घेऊ, पण ती तर प्रत्येक गावात वेगळी. कुणी म्हणालं "ही आमची" तर?

सूरपेटी
त्याला ती आपणच बांधली हे दाखवावं लागेल. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या चालीचं ते अवघड आहे. पण तुमच्या भागात एखाद्या बुवांनी अलीकडे बदललेली चाल असेल तर एकदा त्यांना विचारून घ्या.

गायनप्रेमी
काळी चार जरा उंच नाही का होत भजनाला?

मृदंगमणी
भजन काळी चारातच रंगतं. तंबोऱ्याचा मात्र स्वतःचा डबा विकत घ्या आणि माइकवर घ्या, नेटवरचा नको.

भजनी_कऱ्हाड
आलापावरच्या क्लेमचा डिस्प्यूट टाकला. चालीचा तसाच ठेवलाय. मृदंगमणी, धुम्याजवळचा माइक किती अंतरावर? आमचा पखवाजी कणीक भरपूर लावतो, घूम फार येते.