नुसत्या 'नमस्कार'ला उत्तर देताना ताई लिहायचं की मॅडम?

अनघा_नौपाडा
मी नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या फोनवर बसते. लोक व्हॉट्सॲपवर नुसतं 'नमस्कार' टाकतात, पहिलं उत्तर मला द्यायचं असतं. काल एका बाईंना 'नमस्कार ताई, बोला' लिहिलं तर त्या म्हणाल्या, मी तुमची ताई कधी झाले, मॅडम म्हणा. मागच्या आठवड्यात 'किरण' नाव दिसलं म्हणून 'नमस्कार सर, कसे आहात' लिहिलं, तर त्या बाई निघाल्या, फार ओशाळल्यासारखं झालं. आता मालक म्हणतात सगळ्यांना 'सर/मॅडम' तिरकी रेघ मारून पाठवा. मला ते कोरा फॉर्म हातात दिल्यासारखं वाटतं. तुम्ही काय लिहिता?

कळव्याचा_विनायक
ताईच लिहा. आपला शुद्ध मराठी शब्द आहे, कशाला बदलायचा? सर-मॅडम इंग्रज ठेवून गेले आणि आपण अजून तेच चालवतोय. ज्याला ताई-दादात अपमान वाटतो त्याने विचार करावा.

मास्तर_चरई
विनायक, भावना पटते पण 'शुद्ध' जरा जपून. ताई कानडीतल्या 'तायि'वरून आला असं मानतात, तिकडे त्याचा अर्थ आई. अक्का, अण्णा पण तिकडचेच. आणि 'सर' मागे मागे नेला तर लॅटिनमधल्या 'वयाने मोठा' अशा अर्थाच्या शब्दाला जाऊन भिडतो, म्हणजे अर्थाने आपल्या 'वडील भावा'च्या जवळच. कुळावरून भांडण सुटणार नाही.

अनघाताई, तुमची अडचण मला क्रियापदात दिसते. घरात आपण 'ताई, तू ये' म्हणतो, परक्या बाईला 'ताई, तुम्ही या'. ताई शब्द तोच, मान 'तुम्ही या'ने दिला. मागे बोलताना पण घरातली 'ताई आली' आणि बाहेरच्या 'ताई आल्या'. सर आणि मॅडमला ही सोय नाही, 'सर, तू ये' कोणी म्हणत नाही. त्यामुळे नुसतं 'नमस्कार ताई' वाचलं की पुढे तू येणार का तुम्ही ते समोरच्याला कळत नाही, आणि त्या बाईंना बहुतेक तेच खटकलं असणार.

किरणच्या बाबतीत 'सर' काढला असता तरी फसला असतात, कारण 'कसे आहात' पुरुषाला आणि 'कशा आहात' बाईला. पण 'तुम्ही येणार का', 'तुम्ही आला होतात का', 'तुम्हाला रिपोर्ट हवाय का' यात बाई-पुरुष कळत नाही. म्हणून ओळख नसताना मी असं लिहीन: 'नमस्कार. तुम्हाला रिपोर्ट हवाय की टेस्टची वेळ?' उत्तरात ते 'मी आलो होतो' किंवा 'मी आले होते' लिहितात, तिथे कळतं. मग खुशाल ताई, दादा, सर म्हणा.

घणसोलीचा_दादूस
मास्तर, तुमचं तुम्हीवालं सगळीकडे लागू नाही. आमच्या आगरी घरात आजोबांना पण तूच, आणि त्यात कोणाचा मान कमी होत नव्हता. वाशीला पहिली नोकरी लागली तेव्हा मी साहेबांना सहज 'साहेब, तू बस' म्हणालो आणि आख्खं ऑफिस माझ्याकडे बघत राहिलं. मला कितीतरी दिवस कळेना काय चुकलं. दादूस म्हटलं की त्यात प्रेम पण आलं आणि मान पण.

मास्तर_चरई
बरोबर आहे तुमचं. मी लिहिलं ते शहरी प्रमाण मराठीचं, सगळ्या मराठीचं नाही.

नेहा_ऐरोली
विषय थोडा बाजूला जातोय पण राहवत नाही. अनघा, तू स्वतः 'एका बाईंना' लिहिलंस, किती छान आदराने, मग 'नमस्कार बाई' का नाही लिहीत? माझी आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची, अजून रस्त्यात तिचे विद्यार्थी 'बाई' म्हणून वाकतात. आणि माझ्या मुलीच्या शाळेत बाई म्हटलं तर मॅडमना राग येतो, कारण बाई म्हणजे घरकाम करणारी असं झालंय. काम करणाऱ्या बायकांना आपण कमी लेखलं आणि शब्दही खाली आणला.

कळव्याचा_विनायक
हेच तर म्हणतोय. बाई परत वापरात आणा.

मास्तर_चरई
आणा की, पण लॅबच्या पहिल्या मेसेजमध्ये नको. आनंदीबाई, लक्ष्मीबाई असा नावाला जोडला की बाई मानाचा, आणि हाक म्हणून एकटा आला की कोण कोणाला म्हणतंय त्यावर सगळं ठरतं. वर्गात तो चालतो कारण वर्गात नातं आधीच ठरलेलं असतं.

नेहा_ऐरोली
मग ताई कशी चालते? ते नातं पण ठरलेलं नसतंच ना?

अनघा_नौपाडा
आज दिवसभर मास्तरांचं वाक्य वापरलं. कोणी रागावलं नाही आणि बऱ्याच जणांच्या दुसऱ्याच मेसेजला कळत होतं कोण आहे. फक्त कोपरीच्या एक आजी, दर महिन्याला शुगर तपासायला येतात, त्यांनी लिहिलं, 'अगं नुसतं नमस्कार काय, आज काकू म्हणायला विसरलीस?' त्यांचा नंबर आता 'काकू' म्हणून सेव्ह केलाय. मालकांना अजून तिरकी रेघच हवी आहे.

घणसोलीचा_दादूस
नेहाताईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं मास्तर.