अनुभव धागा: चार पिढ्यांच्या फोटोत दीड-दोन वर्षांची मुले

नाशिकची सून (धाग्याची सुरुवात)

येत्या मार्गशीर्षात आमच्या घरी आजेसासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी चारही पिढ्यांचा एकत्र फोटो निघावा, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. फोटोत आम्ही अकरा जण असू. त्यांत माझी दीड वर्षांची मुलगी आणि जाऊबाईंचा अडीच वर्षांचा मुलगा आहे. मुलगी अनोळखी माणूस दिसला की माझ्या खांद्यात तोंड लपवते, तर मुलगा एका जागी बसतच नाही. अशा वयाच्या मुलांना घेऊन ज्यांनी कुटुंबाचा फोटो काढला किंवा काढून घेतला आहे, त्यांनी कोणते खेळ उपयोगी पडले, एका वेळी किती मिनिटे साधली आणि मूल बिनसल्यावर काय केले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

जुळ्यांची आई, ठाणे

वेळेची निवड हाच माझ्या दृष्टीने निम्मा निकाल असतो. आमच्या जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसाला स्टुडिओने दुपारी एकची वेळ दिली होती. ती मुलांच्या झोपेची वेळ असल्यामुळे दोघेही आळीपाळीने रडले आणि एकही फोटो धड निघाला नाही. पुढच्या वेळी आम्ही मुले झोपून उठल्यावर, दूध पिऊन झाल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने फोटोला बसलो आणि तीच मुले हसत-खेळत राहिली. हाताशी खाऊ ठेवावा, पण तो पटकन गिळता येणारा आणि तोंडाला रंग न लावणारा असावा. चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटे अगदी टाळावीत. खाऊ दोन फोटोंच्या मध्ये द्यावा. घास तोंडात असताना गाल फुगतात आणि मूल हसत नाही.

एक बाबा, पुणे

आमच्याकडे सर्वांत खात्रीचा उपाय मोबाइल ठरला. कॅमेऱ्याशेजारी मोबाइलवर आवडते बालगीत लावले की मुलगा हमखास तिकडे पाहतो, त्यामुळे इतर खेळांची गरजच उरत नाही, असे माझे मत आहे.

छायाचित्रकार, सातारा

मी अनेक वर्षे घरोघरी जाऊन कौटुंबिक फोटो काढतो. वरच्या प्रतिसादाबद्दल आधी लिहितो. मोबाइलने नजर मिळते हे खरे आहे, पण चेहरा मिळत नाही. पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाचे ओठ विलग होतात, भुवया स्थिर होतात आणि डोळ्यांतली ओळख हरवते. शिवाय मोबाइल काढून घेतल्यावर जे रडणे सुरू होते, त्यानंतर तासभर काम थांबते. मी मोबाइल वापरलाच तर पडदा उलटा ठेवून केवळ गाण्याच्या आवाजापुरता वापरतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेल्या हिवाळ्यात एका घरी असाच नऊ माणसांचा फोटो होता आणि त्यात वीस महिन्यांची मुलगी होती. मी ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेलो आणि तिच्याकडे न पाहता ओटीवर बसून मोठ्यांशी बोलत राहिलो. आठ-नऊ महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत अनोळखी माणसाची भीती पुष्कळ मुलांना असते, आणि आपण थेट पुढे होऊन हात पसरले की ती वाढते. कॅमेरा जमिनीवर ठेवला होता. थोड्या वेळाने ती स्वतः जवळ आली, तेव्हा तिला त्याची पट्टी ओढू दिली.

दरम्यान मोठ्यांना पडवीच्या सावलीत, उघड्या अंगणाकडे तोंड करून बसवले. थेट उन्हात मुले डोळे मिचकावतात, म्हणून उजेड भरपूर पण सावलीतला हवा. मुलीच्या जागी आईच्या मांडीवर उशी ठेवून पूर्ण रचना आणि उजेडाची जुळणी करून घेतली. दोन रांगा असल्याने मागचे चेहरेही स्पष्ट यावेत म्हणून ॲपर्चर ८ ठेवले, आणि हलणारे मूल पुसट होऊ नये म्हणून शटर १/५०० ठेवले. इतक्या वेगाला सावलीत आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत थोडे दाणे येतात, पण दाणे चालतात. हललेला चेहरा चालत नाही. हे सारे होईपर्यंत मुलगी मागच्या दारी आत्याबरोबर कोंबड्या पाहत होती. मुलाला सर्वांत शेवटी आणावे आणि मोठा एकत्र फोटो सर्वांत आधी घ्यावा, हा माझा नियम आहे, कारण मुलाची पहिली काही मिनिटेच सर्वांत चांगली असतात.

मुलीला मांडीवर दिल्यावर तिची मावशी माझ्या मागे, अगदी लेन्सच्या वर तोंड येईल अशी उभी राहिली. दोन फूट बाजूला उभे राहिले, तरी फोटोत मुलाची नजर भलतीकडे गेलेली दिसते. खेळ साधा होता: मावशीने कापडी ससा डोक्यावर ठेवायचा, लांबवून शिंकायचे आणि ससा खाली पाडायचा. पहिल्या वेळी मुलगी नुसती पाहत राहिली, दुसऱ्या वेळी हसली, आणि तिसऱ्या वेळी मावशी शिंकेआधी थबकली. माझ्या दृष्टीने हा थबकण्याचा क्षण सर्वांत मोलाचा आहे. मूल पुढे काय होणार हे ओळखून डोळे विस्फारते, शरीर स्थिर ठेवते आणि मग खुदकन हसते. शटर त्या थांब्यापासून हसू ओसरेपर्यंत दाबलेले ठेवावे. भोऽ करतानाही तेच करावे, म्हणजे तिसऱ्या वेळी ओढणीआड जरा जास्त वेळ राहावे. पाचव्या-सहाव्या वेळी खेळ शिळा होतो. तो मुलाने सोडण्याआधी आपण थांबवावा.

तीन-चार मिनिटांनी मुलीने मान आईकडे वळवून डोळे चोळले. पाठ ताठ करणे, कान ओढणे आणि हाक मारली तरी न पाहणे ही पुढची लक्षणे असतात. ती दिसण्याची मी वाट पाहत नाही. तिला खाली सोडले, सर्वांनी पाणी प्यायले, आणि दहा-बारा मिनिटांनी दुसरी फेरी घेतली. तिसरी फेरी आजीच्या कडेवर घेतली आणि तिथेच काम संपवले.

एक सूचना मात्र मी प्रत्येक घरात दोनदा देतो. मूल काहीही करो, मोठ्यांनी लेन्सकडेच पाहून हसत राहावे. बहुतेक फोटो मुलामुळे वाया जात नाहीत. मूल नेमके हसते त्या क्षणी चार मोठी माणसे खाली वाकून ‘तिकडे बघ, तिकडे बघ’ म्हणत असतात, म्हणून ते जातात. हाक एकाच माणसाने मारावी. तो माणूस मुलाचा आवडता असावा, पण ज्याच्याकडे झेपावावेसे वाटते असा नसावा. म्हणून आईवडील नकोत, मावशी, आत्या किंवा मामा चालतात.

मिरजेचे आजोबा

माझ्या लहानपणी १२० च्या रोलवर बारा फोटो निघत, आणि छायाचित्रकार एका कुटुंबासाठी त्यांतले दोन-तीनच खर्च करीत असे. त्यामुळे तो मुलाकडे पाहत बसे आणि योग्य क्षण आल्याखेरीज बटण दाबत नसे. आज बटण दाबून धरण्याची सोय असल्यामुळे ते पाहणे कमी झाले आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. नातवाच्या फोटोच्या वेळी कॅमेऱ्याचा सलग खटखटाट ऐकून तो दचकला, हेही मी पाहिले आहे.

छायाचित्रकार, सातारा

आजोबांचे आवाजाबद्दलचे निरीक्षण योग्य आहे. हल्लीच्या अनेक कॅमेऱ्यांत शटर निःशब्द करता येते आणि मुलांसाठी मी ते करतो. सलग फोटोंबद्दल मात्र मी सहमत नाही. एका माणसाच्या फोटोत क्षण ओळखता येतो, पण नऊ माणसांपैकी कोणाची पापणी कधी मिटेल हे पाहून सांगता येत नाही.

नवी आई, कोल्हापूर

माझ्या सात महिन्यांच्या बाळाला पारपत्रासाठी फोटो हवा आहे, पण मागे पांढरी पार्श्वभूमी, तोंड मिटलेले आणि डोळे उघडे हे एकत्र जमत नाही. येथे त्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

जुळ्यांची आई, ठाणे

हा फोटो वेगळ्या प्रकारचा आहे, तरी आम्ही केले ते सांगते. खिडकीजवळ गादीवर पांढरी चादर ताणून बाळाला उताणे निजवले आणि पायाशी उभे राहून वरून फोटो काढला. आपली सावली चेहऱ्यावर पडू नये, म्हणून खिडकी एका बाजूला ठेवली. या फोटोत हसवायचे नसते, त्यामुळे खुळखुळा न वाजवता नुसता कॅमेऱ्यापाशी धरला. बाळ शांतपणे पाहत राहिले.

एक आई, बंगळूर

खेळ निवडताना मुलाचा स्वभाव पाहावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि त्याला मोठे आवाज सहन होत नाहीत. नातेवाइकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या घातल्या, आणि तो दोन्ही कान झाकून बसला. मग त्याच्या मामाने सगळ्यांना शांत बसवले आणि कॅमेऱ्याच्या बाजूने साबणाचे फुगे सोडले. फुगे उडत असताना मुलगा वर पाहत होता, म्हणून ते फोटो उपयोगाचे नव्हते. शेवटचा फुगा फुटल्यावर ‘अजून हवे?’ असे मामाने हळू आवाजात विचारले, तेव्हा त्याने थेट त्याच्याकडे पाहून मान हलवली. आमचा फ्रेम केलेला फोटो तो आहे. त्यात तो हसत नाही, पण तो तोच आहे, आणि मला तेच हवे होते.

एक बाबा, पुणे

दोन फोटोंतले चेहरे जोडून एक फोटो करता येतो, तर इतके कष्ट कशासाठी घ्यावेत?

छायाचित्रकार, सातारा

करता येतो, पण त्यासाठी कॅमेरा तिकाटण्यावर अचल हवा, उजेडाची जुळणी तीच हवी आणि मुलाचे अंग दोन्ही फोटोंत साधारण त्याच जागी हवे. मांडीवरचे मूल पूर्ण वळले असेल, तर आईच्या साडीच्या चुण्या आणि हातही बदललेले असतात आणि जोड उघडा पडतो. मिटलेली पापणी बदलणे मी मान्य करतो.

मिरजेचे आजोबा

मला ते मान्य नाही. जो क्षण घडलाच नाही, तो भिंतीवर लावू नये.

नाशिकची सून

सर्वांची मनापासून आभारी आहे. ओवाळणीच्या वेळी दिवे, धूर आणि गर्दी असेल, म्हणून एकत्र फोटो सकाळी, मुलगी झोपून उठल्यावर, विधींच्या आधीच घेण्याचे ठरवले आहे. हाक माझी धाकटी बहीण मारेल. अडीच वर्षांच्या मुलाला मात्र काय काम द्यावे? शिवाय मुलीला जरीचे परकर-पोलके घालायचे आहे, ते तिला टोचते.

छायाचित्रकार, सातारा

त्याला पणजीच्या बांगड्या मोजायला सांगावे. मोजताना तो खाली पाहील, तेव्हा फोटो घेऊ नये. मोजून झाल्यावर बहिणीने ‘किती झाल्या?’ असे लेन्सच्या वरून विचारावे. उत्तर देण्यासाठी तो वर पाहील, तेवढ्यात घ्यावा. पुढच्या फेरीत प्रश्न बदलावा. पोलक्याच्या आत मऊ सुती झबले घालावे आणि जरीचे कपडे फोटोच्या पाच मिनिटे आधीच चढवावेत. तरीही ती कपड्यांवरून रडली, तर सुती झबल्यातच फोटो घ्यावा आणि परकर-पोलक्याचा तिचा एकटीचा फोटो दुपारच्या झोपेनंतर वेगळा काढावा.