शब्दचर्चा: कंपनीतल्या घराण्याची 'शाखा', 'पाती' की 'वांगड'?

फोंडेकरीण
एका कुटुंबाच्या ताब्यातल्या कंपनीवर मराठीत टिपण लिहितेय. तिमाही भागधारणा तक्त्यात प्रवर्तक गटाकडे 60 टक्के आहेत. पण नावं आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लागलेली, तिघा भावांपैकी कोणाचं घर कुठलं ते कळत नाही. त्या घरांना काय म्हणू? 'शाखा' लिहिलं की बँकेची शाखा डोळ्यांपुढे येते. आणि त्यांच्या खासगी कंपन्यांना 'धारक कंपनी' म्हटलं तर चालेल का?

पेडणेकर
गोव्यात असून विचारता? वांगड! गावकारीत, म्हणजे गावजमिनीच्या जुन्या सामूहिक व्यवस्थेत, गावकरांच्या घराण्यांचे वांगडच असतात. तिन्ही भावांचे तीन वांगड.

मडगावचे काका
वांगड मूळ पुरुषापासून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो. सख्ख्या भावांच्या घरांना तो शब्द फार मोठा होतो. मी 'पाती' म्हणेन. देवास संस्थानाची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवा. पातीत वाटा आणि घर दोन्ही अर्थ येतात, आणि इथे तेच हवं आहे.

'धारक कंपनी' मात्र जपून. कायद्यात होल्डिंग कंपनी म्हणजे जिच्या हाताखाली उपकंपनी आहे ती. नुसते 18 टक्के शेअर बाळगणारी खासगी कंपनी त्यात बसत नाही. तिला 'कुटुंबाची गुंतवणूक कंपनी' म्हणा.

फोंडेकरीण
पाती पटली. आता माझा हिशेब बघा. अ कंपनीकडे 18, ब कडे 13, क कडे 8, एका ट्रस्टकडे 12 आणि व्यक्तींच्या नावावर 9. क वर थोरल्याची सही असते, म्हणून मी ती थोरल्या पातीत घातली. ट्रस्टवरही विश्वस्त म्हणून त्याचंच नाव, तोही तिथेच.

मडगावचे काका
सहीवरून पाती ठरवू नका. प्रत्येक खासगी कंपनीचं वार्षिक विवरण, म्हणजे MGT-7 किंवा छोट्या कंपनीचं MGT-7A, कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून पैसे भरून काढा आणि त्यातली भागधारकांची यादी वाचा.

फोंडेकरीण
काढली. अ पूर्ण थोरल्याच्या पत्नीची आणि मुलाची. ब मधल्या भावाची. आणि क मध्ये अ आणि ब निम्मेनिम्म्या!

मडगावचे काका
मग क कोणत्याच पातीची नाही, तिचं वेगळं 'सामायिक' खातं करा. व्यक्तींच्या 9 पैकी थोरल्या घराचे किती?

फोंडेकरीण
चार. उरलेले पाच मधल्याचे. धाकट्याचं नावच नाही.

मडगावचे काका
म्हणजे थोरली पाती 22, मधली 18, सामायिक 8, ट्रस्ट 12. बेरीज 60, जुळली. तुमच्या पहिल्या मांडणीत थोरल्याकडे 42 दिसत होते, आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं की घरात त्याचाच शब्द चालतो. तसं सांगता येत नाही.

डिचोलीची
आमच्या घरी वडिलांच्या नावावरचे शेअर अर्धे आईचेच धरतात, गोव्याच्या नागरी कायद्याने. आयकरातही उत्पन्न दोघांत विभागून दाखवतो. मग तक्त्यातला आकडाच चुकीचा नाही का?

मडगावचे काका
बाई, तक्ता नोंदवहीतलं नाव बघतो, घरातला हक्क नाही. पातीच्या बेरजेत नवराबायको एकाच घरात येतात, तेव्हा आकडा बदलत नाही. अडतं ते मृत्यूनंतर. वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणी, चालू असेपर्यंत शेअर जुन्याच नावावर राहू शकतात.

पेडणेकर
बहिणीचं काय? ती प्रवर्तक गटात येते ना? मग तिचा नवरा, मुलगेही आले.

मडगावचे काका
बहीण येते. सेबीच्या व्याख्येत जवळचे नातलग म्हणजे जोडीदार, आणि आपले किंवा जोडीदाराचे आईवडील, भाऊ, बहीण, मुलं. बहिणीचा नवरा आणि भाचे त्यात नाहीत, चुलतभाऊही नाही. बहिणीने शेअर उद्या भाच्याला विकले तर ते गटाबाहेर, सार्वजनिक भागधारकांत दिसू शकतात; वारशाने किंवा भेट म्हणून गेले तर मात्र भाचाही गटात धरला जातो. म्हणून टिपणात आडनाव बदललेल्या बहिणी आधी शोधा. धाकट्याचंही तसंच. त्याने वाटा विकला, की ट्रस्टमार्फत ठेवलाय? जुने तिमाही तक्ते एकेक करून मागे जा, त्याचं नाव कोणत्या तिमाहीत गेलं आणि त्याच वेळी कोणाचा आकडा वाढला ते बघा.

फोंडेकरीण
ट्रस्टसाठी लाभार्थी मालकाचा रकाना पाहिला. तिथेही थोरल्याचंच नाव आहे. मग 12 त्याचेच ना?

मडगावचे काका
नाही. विश्वस्ताच्या मर्जीवर वाटप ठेवलेला ट्रस्ट असेल, तर नियमानेच विश्वस्ताचं नाव लिहितात. लाभ ठरावीक माणसांचा असेल तर त्यांची नावं येतात. नावावरून मालकी सिद्ध होत नाही, फार तर ट्रस्टचा प्रकार कळतो. करारपत्र तुम्हाला मिळणार नाही. '12 टक्के, विश्वस्त थोरले, लाभार्थी अज्ञात' असंच लिहा.

फोंडेकरीण
तसंच लिहिते. पण 'सामायिक' की 'समाईक'? माझी आजी 'समाईक' म्हणायची.

डिचोलीची
आमच्याकडेही समाईकच. विहीर, माड, सगळं समाईक.