मदत हवी आहे: रिझ्युमेचे तुकडे केल्यावर सगळ्यांचेच गुण पडले

मांडवीकर_वडोदरा
आमचं नोकरभरतीचं छोटं ऑफिस आहे, मकरपुऱ्याच्या कारखान्यांना माणसं पुरवतो. सध्या एका औषध कंपनीसाठी क्यूसी केमिस्ट शोधतोय. आधी दोन मजकुरांच्या अर्थाचं साम्य मोजणाऱ्या मॉडेलने अख्खा रिझ्युमे अख्ख्या जाहिरातीशी जुळवून गुण काढत होते. आकडे छान यायचे, 0.7 च्या आसपास, पण यादीत वर कोण? उपकरणं विकणारे सेल्सवाले! म्हणून दोन्हीकडचे तुकडे केले, म्हणजे प्रत्येक अट वेगळी तपासली जाईल. आता चांगले-वाईट सगळे 0.3 च्या आसपास घुटमळतायत. शनिवारी यादी द्यायची आहे. काय बिघडलंय ते पटकन सांगा.

नलिनी_वि
मॉडेल कोणतं? तुकडे कशावर तोडले? आणि तुकड्यांचे गुण शेवटी एकत्र कसे केले? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

देशपांडेकाका
बेटा, रिझ्युमेचे तुकडे कशाला करतेस? एकाच पानात बसव. वरती उद्दिष्ट, खाली शिक्षण, फोटो नको. मी तीस वर्षं कारखान्यात माणसं घेतली, दुसरं पान कोणी उलटत नाही.

मांडवीकर_वडोदरा
काका, रिझ्युमे माझा नाही, उमेदवारांचे आहेत :)
नलिनीताई, मॉडेल all-MiniLM-L6-v2. नवी ओळ आली की तोडलं. मग सगळ्यांची सरासरी, अजून काय करणार?

रावपुरा_राजू
मॉडेलच लहान आहे. मोठं घ्या आणि 0.6 च्या खाली असेल त्याला सरळ बाद करा. आम्ही तेच करतो, झंझट नाही.

नलिनी_वि
राजूभाऊ, मोठ्या मॉडेलने थोडा फरक पडेल, पण इथलं दुखणं सरासरीचं आहे. 'एचपीएलसी चालवता येणं' ही अट उमेदवाराच्या पत्त्याशी, क्रिकेटच्या आवडीशी आणि दहावीच्या टक्क्यांशीही जुळवली जातेय, आणि त्या सगळ्यांचे गुण सरासरीत बसलेत. ज्याचा रिझ्युमे जितका लांब, तितकी त्याची जास्त नासाडी. एका अटीला पुरावा म्हणून एक चांगली ओळ पुरते. म्हणून प्रत्येक अटीसाठी सर्वांत जास्त गुणाचा तुकडाच धरा.

```python
s = util.cos_sim(req_emb, cv_emb)
best = s.max(dim=1)
# best.values: गुण, best.indices: कोणता तुकडा
```

दुसरी ओळ नुसती चालवून सोडून देऊ नका. indices वरून तो तुकडा गुणाशेजारी छापा आणि डोळ्यांनी वाचा. आकडा फसवतो, ओळ फसवत नाही.

आता सेल्सवाले आधी वर का यायचे ते. हे मॉडेल 256 टोकनांपर्यंतच वाचतं, पुढचं गुपचूप कापतं. ना एरर, ना इशारा. model.max_seq_length छापून बघा. दोन पानी रिझ्युमेचा वरचा 'सारांश' तेवढा वाचला जातो, आणि विक्रीतल्या माणसाचा सारांश घसघशीत असतो. खऱ्या केमिस्टचं काम दुसऱ्या पानावर, म्हणजे मॉडेलच्या दृष्टीने नाहीच. तेव्हा तुकडे करायचा निर्णय बरोबर होता.

मांडवीकर_वडोदरा
max लावलं. आकडे वर आले. पण दोन माणसं बघा. पहिला सेल्सवाला, त्याला 'एचपीएलसी व जीसी चालवणे आणि जीएमपी नोंदी ठेवणे' या अटीला 0.66. दुसरी वाघोडियाच्या एका कारखान्यातली केमिस्ट, तिला 0.49. तिची ओळ फक्त 'रोज नमुने तपासून अहवाल दिले' एवढीच निघाली. सेल्सवाल्याची निघाली 'कौशल्ये: एचपीएलसी, जीसी, यूव्ही, जीएमपी'.

नलिनी_वि
ओळ छापल्याचा हाच फायदा. यात तीन भानगडी एकत्र आहेत.

एक, नव्या ओळीवर तोडल्याने तिचं काम मथळ्यापासून सुटलं. 'रोज नमुने तपासले' हे कोणत्या पदावर, कुठल्या विभागात, ते तुकड्यात उरलंच नाही. प्रत्येक तुकड्याच्या पुढे त्या नोकरीचा मथळा चिकटवा: 'क्यूसी केमिस्ट, एचपीएलसी विभाग: रोज नमुने तपासून अहवाल दिले'. मथळा मात्र छोटा ठेवा, नाहीतर सगळे तुकडे एकमेकांसारखे होतात.

दोन, तुमची अट एक नाही, तीन आहेत. 'व', 'आणि' आलं की तोडा: एचपीएलसी, जीसी, जीएमपी नोंदी. नाहीतर दोन असून तिसरी नसलेला कोण, ते कळणारच नाही. पण 'एचपीएलसी किंवा जीसी' असेल तर तोडून दोन अटी करू नका. दोन्ही पर्याय जुळवा आणि जास्तीचा गुण त्या एकाच अटीला द्या. नाहीतर ज्याला एकच येतं तो विनाकारण अर्धा नापास.

तीन, 'कौशल्ये' ही ओळ म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी चावी. ती कामाच्या तुकड्यांत मिसळू नका. तिचे गुण वेगळ्या रकान्यात ठेवा. फक्त तिथेच जुळलं आणि कामात कुठेच नाही, तर फोनवर विचारा.

ग्वाल्हेर_लष्करवाला
आमच्याकडे याहून मजेशीर. रिझ्युमे दोन रकान्यांचे होते, पीडीएफमधून मजकूर काढला तर डावी-उजवी ओळ एकाआड एक आली. 'बीएससी रसायन' शेजारी 'बॅडमिंटन'. तुकडे करायच्या आधी एखादा मजकूर स्वतः वाचून बघा. बाय द वे, ही जागा अजून आहे का? भाच्याचं एमएससी झालंय.

रावपुरा_राजू
ठीक, पण अनुभवाच्या वर्षांचं काय? 'किमान 3 वर्षे' ही अटही तुकडा करूनच जुळवायची ना?

नलिनी_वि
नाही. '3 वर्षे अनुभव' आणि '1 वर्ष अनुभव' ही दोन वाक्यं मॉडेलला सख्खी भावंडं वाटतात. 'अनुभव आहे' आणि 'अनुभव नाही' यांचंही तसंच. वर्षं तारखांवरून वजा करून काढा, पदवी नावाने तपासा. बॉयलर अटेंडंटची जागा असेल तर प्रथम वर्गाचं प्रमाणपत्र आहे की नाही, बस्स. तिथे 0.58 ला अर्थ नाही. कामाच्या वर्णनाच्या अटी तेवढ्या मॉडेलकडे द्या.

आणि 0.6 ची रेघ सगळ्या अटींना एक लावू नका. छोट्या नेमक्या अटींचे गुण वेगळ्या पट्ट्यात येतात, 'संघात काम करता येणं' असल्या मोघम अटींना निम्म्या रिझ्युमेत काही ना काही सापडतं. तुम्ही आधी घेतलेल्या आणि नाकारलेल्या माणसांवर प्रत्येक अट चालवून रेघ ठरवा.

रावपुरा_राजू
एवढं करेपर्यंत ग्राहक दुसऱ्या एजन्सीकडे जाईल. वीस रिझ्युमे असतील तर चहा घेत वाचून होतात.

नलिनी_वि
वीस असतील तर मीही वाचूनच काढेन. किती आहेत ते त्यांनी सांगितलेलंच नाही.

मांडवीकर_वडोदरा
चारशेच्या वर, आणि अजून येतायत. मथळा चिकटवून, अटी तोडून पुन्हा चालवलं. केमिस्टताई एचपीएलसीला 0.68, जीएमपी नोंदींना 0.61, जीसीला 0.35. तिची ओळ वाचली, जीसीचं काम खरंच नाही. सेल्सवाला कामाच्या रकान्यात एचपीएलसीला 0.52, निघालेली ओळ 'ग्राहकांकडे एचपीएलसीचं प्रात्यक्षिक दिलं'. आता प्रश्न असा की प्रात्यक्षिकही एक प्रकारे चालवणंच ना? याला अर्धे गुण द्यायचे की शून्य?

देशपांडेकाका
प्रात्यक्षिक देणारा मशीन सुरू करतो, नमुना दुसऱ्याचा असतो. शून्य दे.

ग्वाल्हेर_लष्करवाला
काका, माझा पहिला साहेब प्रात्यक्षिकवालाच होता, मशीन उघडून दुरुस्त करायचा. अर्धे तरी द्या.

नलिनी_वि
हे मॉडेल ठरवणार नाही, ग्राहकाला विचारा. त्याला रोज चालवणारं माणूस हवं असेल तर अटीतच लिहा: 'रोजच्या तपासणीत एचपीएलसी चालवणे'. मग दोघांमधलं अंतर किती पडतं ते इथे टाका, मलाही बघायचंय.