मदत हवी आहे: भागीदारांना तिमाहीचं पत्र लिहितोय, बातमी वाईट आहे

शिल्लक_बाकी: आमच्या छोट्या फर्ममध्ये आम्ही चार भागीदार. रोजचा कारभार मी बघतो. बाकी तिघांचं भांडवल आहे आणि फर्मचं कसं चाललंय ते त्यांना माझ्या तिमाही पत्रातूनच कळतं. या वेळचं पत्र अडलंय.

आकडे सोपे करून देतो. विक्रीचा अंदाज १०० होता, झाली ७८. त्यातले ३० एकाच ग्राहकाचे, आणि त्याने आता पुढच्या ऑर्डरी देणार नसल्याचं कळवलंय. त्याच्याकडून १८ येणं बाकी आहे, सगळी बिलं ९० दिवसांच्या पुढची. हिशोबात नफा ५ दिसतोय. बँकेत ३० आहेत.

मसुदा असा सुरू होतो: "ही तिमाही आव्हानात्मक असली तरी आपण नफ्यात आहोत. एका मोठ्या ग्राहकाच्या बाबतीत काही बदल होत असून त्यावर आपलं लक्ष आहे." यातलं एकही वाक्य खोटं नाही, तरी पाठवायला हात धजत नाही. कसं लिहू?

सरळरेघ: आधी उपाय शोधा, मग पत्र पाठवा. नुसती वाईट बातमी कळवली की लोक घाबरून भांडवल परत मागतात. महिनाभर उशीर झाला तर काही बिघडत नाही. फक्त ग्राहक गेल्याचं लपवू नका.

जुना_मुनीम: "नफ्यात आहोत" हे आधी काढा. त्या ५ मध्ये १८ ची येणी पूर्ण वसूल होणार असं धरलंय. ती बुडाली तर १३ चा तोटा, निम्मी आली तरी ४ चा. हे तुम्हाला माहीत असताना नुसते ५ लिहिणं म्हणजे दिशाभूलच.

आणि भागीदाराचा खरा प्रश्न वेगळाच असतो: पैसा किती दिवस पुरेल? तो ग्राहक सोडून महिन्याला येतात किती, जातात किती?

शिल्लक_बाकी: येतात १६, जातात २२. पगार, भाडं, कर्जाचा हप्ता सगळं धरून.

जुना_मुनीम: म्हणजे दरमहा ६ ची तूट, ३० मध्ये पाच महिने. ग्राहकांकडून गोळा केलेला पण अजून न भरलेला कर त्या ३० मध्ये असेल तर तो आधी वजा करा, तो पैसा आपला नव्हे. मग सुरुवात अशी करा:

"आपला सर्वात मोठा ग्राहक गेला. विक्रीचा अंदाज १०० होता, झाली ७८. त्याच्याकडचे १८ अडकले आहेत आणि ते येतील असं मी धरत नाही. ते न आल्यास या तिमाहीत १३ चा तोटा आहे. आज आहे तसा खर्च चालू राहिला तर बँकेतला पैसा पाच महिने पुरेल."

कारणं आणि उपाय त्यानंतर. मागच्या पत्रातला अंदाज याच पत्रात शेजारी दिसू द्या. अडचणीच्या तिमाहीत अचानक विक्री सोडून "चौकशा वाढल्या" असं नवं माप आणलं की वाचणाऱ्याला लगेच वास येतो.

सरळरेघ, उपाय सोबत असावा हे पटतं, पण थांबणं नाही. पाचातला एक महिना पत्रासाठी घालवायचा? "खर्चकपातीचा आराखडा अमुक तारखेला देतो" एवढं लिहिलं तरी चालतं. पत्र जायच्या आदल्या दिवशी तिघांनाही फोन करा. एकालाच आधी कळलं तर त्याचंच भांडण होतं.

नवा_डाव: आमच्याकडेही एक भागीदार बाहेर पडतोय. गुडविल कसं धरायचं?

जुना_मुनीम: त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही विषय भरकटतील.

कोपऱ्यातला: मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल तर एवढं काय? फार तर भांडवल जाईल, घरादाराला धक्का नाही.

शिल्लक_बाकी: आहे मर्यादितच. पण बँकेच्या कर्जाला चौघांनीही वैयक्तिक हमी दिली आहे.

जुना_मुनीम: मग त्या कर्जापुरती मर्यादा कागदावरच राहिली. हमीची रक्कम आणि पुढच्या हप्त्याची तारीख पत्रात हवीच. सही करून वर्षं झाली की लोक हमी विसरतात.

शिल्लक_बाकी: सुरुवात बदलली, हमीचंही घातलं. एक अडतंय. खर्च कमी करायचा तर दोन जागा कमी कराव्या लागतील, आणि एका भागीदाराचा पुतण्या आमच्याच ऑफिसात आहे. पत्रात लिहिलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळणार.

सरळरेघ: मग पत्रात लिहूच नका, बैठकीत तोंडी सांगा.

जुना_मुनीम: मी "पगारखर्चात महिन्याला इतकी कपात" असा आकडा लिहीन, जागा लिहिणार नाही. पण तो आकडा बघून पुतण्या अंदाज बांधणारच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

कोपऱ्यातला: कर्मचाऱ्यांना भागीदारांच्या आधीच सांगितलं तर?

शिल्लक_बाकी: निर्णय चौघांचा आहे, तो व्हायच्या आधी कसं सांगू? पत्र शुक्रवारी जातंय, तोवर कुणाला सुचलं तर लिहा.